फुप्फुसांचे पृष्ठफळ

फुप्फुसांचे पृष्ठफळ म्हणजे दोन्ही फुप्फुसांतील सर्व वायुकोशांच्या आतील पृष्ठभागाचे एकूण क्षेत्रफळ होय. श्वसनात रक्त आणि हवा यांच्यातील वायूंची देवाणघेवाण याच पृष्ठभागातून होते. हे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असते, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्ष मोजमापे मात्र त्याहून कमी आहेत.

== अंदाज ==

मानवी फुप्फुसांत सरासरी ४८ कोटी वायुकोश असून प्रत्येकाचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटर असतो. ते सर्व पूर्ण गोल मानले, तर एकूण पृष्ठफळ सुमारे ६० चौरस मीटर भरते. वायुकोश मात्र पूर्ण गोल नसतात. ते एका बाजूने उघडे असतात आणि त्यांच्या भिंती केशवाहिन्यांमुळे उंचसखल असतात. त्यामुळे हा अंदाज ढोबळच राहतो.

अधिक विश्वासार्ह पद्धतीत फुप्फुस फुगवलेल्या स्थितीत रसायनाने स्थिर करतात आणि निरनिराळ्या भागांचे पातळ छेद घेतात. छेदाच्या प्रतिमेवर रेषा ठेवून त्या वायुकोशांच्या भिंतींचा पृष्ठभाग किती वेळा छेदतात, हे मोजतात. दर मिलिमीटर रेषेमागील छेदनबिंदूंची दुप्पट म्हणजे दर घन मिलिमीटरमधील पृष्ठफळ. उदाहरणार्थ, दर मिलिमीटरला १५ छेदनबिंदू आढळले, तर प्रत्येक घन मिलिमीटरमध्ये ३० चौरस मिलिमीटर पृष्ठभाग असतो. फुप्फुसांचे आकारमान ४ लिटर, म्हणजे ४० लाख घन मिलिमीटर असल्यास एकूण पृष्ठफळ १२० चौरस मीटर येते. स्थिरीकरणात ऊती आकसल्यास आणि त्याची दुरुस्ती न केल्यास उत्तर चुकते.

== टेनिस मैदानाशी तुलना ==

टेनिसचे एकेरी मैदान २३.७७ मीटर लांब व ८.२३ मीटर रुंद, म्हणजे सुमारे १९६ चौरस मीटर असते. दुहेरी मैदान सुमारे २६१ चौरस मीटर असते. एवाल्ड वाइबेल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने सरासरी १४३ चौरस मीटर पृष्ठफळ नोंदवले. साध्या सूक्ष्मदर्शकाने बारीक उंचवटे व घड्या दिसत नसल्याने याहून लहान आकडे मिळतात. म्हणून मापनाची सूक्ष्मता आणि फुप्फुस किती फुगवले होते, हे सांगितल्याशिवाय केवळ आकडा अपुरा ठरतो.

== महत्त्व ==

पडद्यातून दर मिनिटाला पार होणारा ऑक्सिजन पृष्ठफळ व दाबातील फरक यांच्या सम प्रमाणात आणि पडद्याच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. चार लिटरची एकच गोल पिशवी असती, तर तिचे पृष्ठफळ सुमारे ०.१२ चौरस मीटर, म्हणजे वरील उदाहरणाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकेच भरले असते.

वातस्फीती या विकारात वायुकोशांमधील भिंती नष्ट होऊन मोठ्या पोकळ्या बनतात. फुप्फुसांचे आकारमान वाढले तरी पृष्ठफळ घटते. परिश्रमात रक्त केशवाहिन्यांतून वेगाने जाते आणि ऑक्सिजन घेण्यास कमी वेळ मिळतो. म्हणून दम प्रथम चालताना वा चढताना लागतो. अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा श्वासात देऊन त्यातील किती वायू रक्तात गेला, हे मोजल्यास ही घट लक्षात येते. मात्र पडदा जाड झाल्यास किंवा रक्तक्षय असल्यासही हे मूल्य घटते. त्यामुळे या चाचणीवरून थेट पृष्ठफळ काढता येत नाही.