बैलाचा ‘ऐ’ आणि जागा बदलणारे स्वर

पोळ्याच्या दिवसांत पांढुर्णा-सौंसरच्या बाजारात ‘बैल’ हा शब्द दोन तऱ्हांनी कानावर पडतो. मराठीत जीभ ‘अ’वरून ‘इ’कडे घसरते: बइल. प्रमाण हिंदीत मात्र स्वर एका जागीच थांबतो, आपल्या ‘बॅट’मधल्या ‘ॲ’च्या आसपास. अक्षर तेच, पण स्वराची जागा वेगळी. ही जागा जिभेच्या नकाशावर बघता येते:

```
        पुढे          मागे
वर      ई             ऊ
मधे      ए           ओ
         ॲ
खाली          आ
```

संस्कृताच्याही आधी ‘अइ’ आणि ‘आइ’ असे दोन जोडस्वर होते. ‘अइ’चा ‘ए’ झाला आणि ‘आइ’ आखडून ‘अइ’च्या जागी आला, तोच आपला ‘ऐ’. याची खूण शाळेतल्या संधीत आहे: ने + अन = नयन, पण नै + अक = नायक. ‘ए’ फुटला की ‘अय’ निघतो आणि ‘ऐ’ फुटला की ‘आय’, म्हणजे दोघांची जुनी रूपं. तुर्कस्तानात हत्तुशाला सापडलेल्या किक्कुलीच्या अश्वशिक्षणाच्या मातीच्या पाट्यांवर, इ.स.पू. १४००च्या सुमारास, ‘एक’च्या जागी चक्क ‘अइक’ आहे!

आधी ‘अइ’ने जागा सोडली आणि मग ‘आइ’ तिथे आला, असं असेल तर ती ओढसाखळी. ‘आइ’ अंगावर आला म्हणून ‘अइ’ला हलावं लागलं असेल तर ती ढकलसाखळी. शेवटचा नकाशा दोन्हीत सारखाच दिसतो, म्हणून अभ्यासक साखळीतली एक कडी गळालेली बोली शोधतात. इंग्रजीत ती मिळाली. पंधराव्या शतकापासून तिथे दीर्घ ‘ओ’ चढून ‘ऊ’ झाला आणि जुना ‘ऊ’ निसटून ‘हूस’चं ‘हाउस’ झालं. उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मात्र ‘ओ’ त्याआधीच पुढच्या बाजूला सरकला होता. ‘ऊ’ला रेटणारं कुणी उरलं नाही, आणि तिथल्या जुन्या बोलींत ‘हूस’ तसंच राहिलं. म्हणजे इथे ‘ऊ’ला ढकललं होतं, असं कार्ल लुइकने दाखवलं. संस्कृताला अशी साक्षीदार बोली नाही. तिथे ओढ होती की ढकल, हा तर्कच आहे.

शेजारी अंगावर आला म्हणून दर वेळी कुणी हलतंच असंही नाही. प्राकृतात ‘ऐ’ही ‘ए’च्या जागी जाऊन पोचला, पण ‘ए’ हलला नाही. दोघे एक झाले आणि ‘तैल’चं ‘तेल’ झालं. मग ‘ऐ’ची मोकळी जागा ‘बइल्ल’सारख्या शब्दांनी भरली, जिथे ‘अ’ आणि ‘इ’ शेजारी होते. मराठी तिथेच थांबली. हिंदीतला ‘ऐ’ पुन्हा निघाला, पण या वेळी ‘ए’पर्यंत न जाता ‘ए’ आणि ‘आ’ यांच्या मधल्या रिकाम्या जागी थांबला. तिथे आधीचं कुणी नव्हतं, त्यामुळे ना कुणाला ढकलावं लागलं, ना कुणात मिसळावं लागलं. म्हणूनच हिंदीत ‘बेल’ आणि ‘बैल’ आजही वेगळे ऐकू येतात.