गुरुवारी सातवीचे बाक रिकामे का?

हजेरीपटावर मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा दिसतात, पण वार दिसत नाही. म्हणून तो एक्सेलमध्ये उतरवताना प्रत्येक मुलाच्या प्रत्येक दिवसाला एक ओळ द्यावी: तारीख, इयत्ता, नाव, आणि गैरहजर असल्यास 1, हजर असल्यास 0. शेजारच्या रकान्यात `=WEEKDAY(A2,2)` लिहिलं की सोमवारला 1, मंगळवारला 2 असा वार मिळतो. मग पिव्हट टेबलमध्ये वार आडव्या ओळींत, इयत्ता उभ्या रकान्यांत ठेवायची.

खरी चूक पुढे होते. पिव्हट आपोआप बेरीज करतो. आपल्याला हवी असते सरासरी. समजा, सातवीत 30 मुलं आहेत. सत्रात शाळा 10 सोमवार आणि 8 गुरुवार भरली. गैरहजेरी सोमवारी एकूण 50, गुरुवारी 48. बेरजेत सोमवार वाईट ठरतो. पण सरासरीत सोमवारी सुमारे 17 टक्के, गुरुवारी 20 टक्के मुलं घरी असतात. गुरुवार गावच्या आठवडी बाजाराचा असेल, तर मोठी मुलं दुकान किंवा धाकटी भावंडं सांभाळत असतील, असा संशय घेता येतो.

संशयच, कारण आठपैकी एकाच गुरुवारी मुसळधार पावसाने निम्मा वर्ग घरी राहिला असू शकतो. म्हणून त्या आठ तारखा सुट्या पाहाव्यात. महिनाभर आजारी असलेलं मूल मात्र सगळ्याच वारांचे आकडे वाढवतं, एकट्या गुरुवारचा नाही. आठही गुरुवारी तीच चार-पाच नावं दिसली, तर शिक्षकांनी थेट त्या घरी जावं.