‘नको’ कुठे ठेवायचा?

सकाळी ९ : प्रेशर कुकरची माहितीपुस्तिका. इंग्रजी वाक्य क्रियापदापासूनच सुरू होतं, ‘ओपन द लिड.’ समोर नात असो वा कलेक्टर, ‘ओपन’ बदलत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, पण ते लिहिताना ऐकणारा कोण हे ठरवावंच लागतं : झाकण उघड, उघडा की उघडावे? ‘उघडावे’ला कचेरीतल्या फलकाचा वास येतो. मी ‘उघडा’ ठेवलं. पुढे पूर्णविराम, साध्या सूचनेला दोन्ही भाषांत तेवढा पुरतो.

११ : लहान मुलांच्या चित्रपटाची सबटायटलं. मुलगी उघड्या वायरीकडे हात नेते, बाप ओरडतो, ‘डोन्ट टच इट!’ मी लिहिलं होतं, ‘त्याला हात लावू नकोस!’ अर्थ बरोबर, पण पडद्यावर उशिरा पोचतो. ‘डोन्ट’ ऐकताच मुलीचा हात थांबतो आणि वाचणारा तेव्हा ‘त्याला हात’पाशीच असतो.

‘त्याला’ काढलं, वायर दिसतेच आहे. मग ‘नको’ पुढे ओढला : ‘नको हात लावूस!’ यात एक गंमत आहे. ‘नकोस’मधला ‘स’ सुटून ‘लावू’ला जाऊन चिकटला. आदरार्थी ‘लावू नका’ उलटवलं तर ‘नका लावू’ होतं, तिथे काहीच हलत नाही. आपण हे दिवसभर बोलतो, पण लिहायला बसलं की हात ‘नकोस’ शेवटीच टाकतो.

दुपारी २ : नवीन सहकाऱ्याची फाइल तपासली. मावशी भाचीला बऱ्याच वर्षांनी भेटते : ‘हाउ टॉल यू हॅव ग्रोन!’ त्याने लिहिलं, ‘तू किती उंच झाली आहेस?’ मावशी जणू टेप घेऊनच आली! त्याला म्हटलं, शब्दांचा क्रम बघ. प्रश्न असता तर ‘हॅव’ हा ‘यू’च्या आधी आला असता. उद्गारात ‘हाउ टॉल’ पुढे येतं, पण ‘यू हॅव’ सरळच राहतं. मराठीत ‘किती उंच झालीस’ हे प्रश्नालाही चालतं आणि उद्गारालाही. बोलताना सूर सांगतो, कागदावर सगळा भार चिन्हावर. म्हणून ‘किती’च काढला : ‘केवढी उंच झालीस गं!’ आता चिन्ह पुसलं तरी कौतुक उरतं.

४ : ‘व्हॉट अ मेस!’ इथल्या ‘अ’ला मराठीत जागा नाही. ‘काय हा पसारा!’ झालं. त्याच फाइलमध्ये तीन-तीन उद्गारचिन्हं होती, प्रत्येकी दोन खोडली.

६ : कुकरवाल्यांचा फोन. सगळ्या धोक्याच्या सूचनांपुढे उद्गारचिन्ह हवं, म्हणाले. मी एकाच ठिकाणी कबूल झाले : ‘आत वाफ असताना झाकण उघडू नका!’