पान नाही, मजकूर आहे

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून निबंध हाताने लिहायचा, त्याचा फोटो काढायचा आणि गटात टाकायचा, हा मुलांचा रोजचाच उद्योग झाला आहे. तपासणारा रात्री मोबाइल उघडतो, तर फोटो काढून टाकलेला. पानाच्या वर नाव आणि मोबाइल नंबर दिसत होता, हे लक्षात आल्यावर बहुधा मुलानेच तो पुसलेला असतो. उत्तरपुस्तिका क्लासमध्ये जमा झालेली, आणि हाती उरतो तो फोटोखाली टाइप करून टाकलेला मजकूर.

फोटो आपोआप आपल्या गॅलरीत उतरलेला असेल तर त्यावरून तपासावं का? मालकाने तो काढून टाकला आहे, तेव्हा आधी त्याला विचारावं. हो म्हणाला तर प्रश्नच मिटला. गटात तो पुन्हा टाकणं मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

खरी अडचण फोटो कुठेच नसतो तेव्हाची. ज्यांनी तो पाहिला त्यांचे शेरे गटात असतातच, ‘अक्षर दाटीचं आहे’, ‘परिच्छेद फार लांब आहेत’ वगैरे. न पाहिलेल्या पानाविषयी तेच शेरे आपण पुन्हा द्यायचे, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. ऐकीव शेऱ्याने मुलाचा तोटा होतो, कारण एकाच्या नजरेतला दोष दोघांनी सांगितल्यासारखा दिसतो.

टाइप केलेला मजकूर पानाची जागा घेत नाही, आणि याची पहिली ठेच शुद्धलेखनात लागते. समजा, मजकुरात ‘गरिबांना’ आणि ‘आणि’ अगदी बरोबर आहेत. मुलाला ऱ्हस्व-दीर्घ येतं असं म्हणायचं का? नाही, कारण कीबोर्ड शब्द सुचवतो आणि मूल त्यावर बोट ठेवून मोकळं होतं. कागदावर ‘गरीबांना’ आणि ‘आणी’ असू शकतं. उलटही घडतं. सुचवलेला चुकीचा शब्द घाईत तसाच राहतो आणि मुलाने न केलेली चूक त्याच्या नावावर जमा होते. त्यामुळे टाइप केलेल्या मजकुरावरून शुद्धलेखनाचा शेरा द्यायचाच नाही. हवाच असेल तर एक परिच्छेद नव्याने हाताने लिहायला सांगावा आणि नाव-नंबर वगळून तेवढ्याचाच फोटो मागवावा.

लांबीचं मात्र थोड्या हिशोबाने कळतं. ‘पाणी आणि गावकी’ असा विषय घेऊ. टाइप केलेला मजकूर भरतो ७८० शब्दांचा. मुलाला विचारलं, पानं किती झाली? सहा. एका पानात ओळी? साधारण बावीस. ओळीत शब्द? आठेक. म्हणजे कागदावर अंदाजे १०५० शब्दांची जागा गेली. मधले पावणेतीनशे शब्द गेले कुठे? मोठं अक्षर, सोडलेल्या ओळी, अर्धवट पानं यांनी शंभरेक शब्दांचा फरक सहज पडतो, त्यापलीकडचं विचारायलाच हवं. खोदून विचारल्यावर कळतं की तिसऱ्या पानावरचा अर्धा भाग खोडला होता आणि टाइप करताना तो साहजिकच गळला. ही खोड तपासणाऱ्याच्या फार उपयोगाची, कारण विषय नेमका तिथे हातातून सुटला होता. पान असतं तर ती एका नजरेत दिसली असती, आता ती विचारून काढावी लागते.

म्हणून ‘आठवून पुन्हा लिही’ असं मी सांगत नाही. दुसऱ्यांदा लिहिताना मूल दुरुस्त्या करतं आणि हातात येतो वेगळाच निबंध. त्यापेक्षा एकेका परिच्छेदात काय म्हणायचं होतं, ते प्रत्येकी एका वाक्यात विचारावं. आपल्या मुलाने सांगितलं : पहिल्यात विहिरींचा इतिहास, दुसऱ्यात टँकर, तिसऱ्यात ‘पाण्याचं महत्त्व, आणि थोडं सरकारी योजनांचं, आणि…’ तिथेच तो अडखळला. खोडलेलं अर्धं पान तिसऱ्याच परिच्छेदाचं होतं.

आता अभिप्राय लिहिता येतो. सुरुवातीलाच स्पष्ट करायचं, की पान पाहिलेलं नाही, हे टाइप केलेल्या मजकुरावरून आणि तुझ्या सांगण्यावरून लिहितो आहे. मग : ‘तिसऱ्या परिच्छेदात दोन विषय एकत्र आलेत. सरकारी योजना चौथ्यात ने. टँकरचं उदाहरण चांगलं आहे, पण गावकीचा संबंध तिथे येत नाही. टँकरचं पाणी कोणाच्या दारात आधी ओतलं जातं, एवढं एक वाक्य घातलंस तर तो येईल.’ अक्षर, समास, ओळींतली जागा यांच्यापुढे नुसतं ‘पाहिलं नाही’ लिहायचं. गुणही द्यायचे नाहीत, मुलाने कितीही मागितले तरी. हाताने लिहिलेल्या निबंधाचे गुण परीक्षक पान वाचूनच देतो, आणि आपण अर्ध्या पुराव्यावर सांगितलेला आकडा मुलाच्या डोक्यात पक्का बसतो.

पुस्तिका क्लासमधून परत मिळाली की तिसरं पान तेवढं मागवावं आणि खोडलेल्या ओळी वाचाव्यात.