आठव्या महिन्यातली जळजळ

सातवा महिना सरता सरता अनेक गरोदर बायकांची एकच तक्रार सुरू होते. जेवून आडवं झालं की छातीच्या मधोमध आग होते, आंबट पाणी घशाशी येतं, करपट ढेकरा येतात आणि झोप मोडते. घरातलं कुणीतरी म्हणतं, पित्त झालंय, तिखट बंद कर. ती तिखट बंद करते आणि तरीही जळजळ होतेच. कारण बहुतेक वेळा जठरात आम्ल जास्त तयार झालेलं नसतं. आम्ल तेवढंच असतं, पण ते जिथे राहायला हवं तिथे राहत नाही.

अन्ननलिका छातीतून खाली येते, श्वासपटलातल्या एका भोकातून पोटात उतरते आणि जठराला मिळते. तिथे साधारण तीन-चार सेंटीमीटर लांबीचं स्नायूंचं एक कडं असतं. आपण त्याला झडप म्हणतो, पण दारासारखं उघडमीट करणारं पान तिथे नसतं. नळीच्या भिंतीतलाच स्नायू सतत आवळलेला असतो. घास आला की काही सेकंद सैल होतो आणि पुन्हा आवळला जातो. या आवळण्याची गरज खरोखरच मोठी आहे. छातीच्या पोकळीतला दाब श्वास घेताना बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो, तर पोटातला दाब त्याहून जास्त असतो. मधलं कडं ढिलं पडलं, तर जठरातला ऐवज आपोआप वर ओढला जाईल. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसण्याची सोय असते, अन्ननलिकेला नसते. म्हणून ती जळते.

गरोदरपणात हे कडं ढिलं पडतं ते प्रोजेस्टेरॉनमुळे. पाळीच्या उत्तरार्धात बाईच्या शरीरात हे संप्रेरक दिवसाला साधारण 25 मिलिग्रॅम तयार होतं. दिवस भरत येतात तेव्हा वारेतून रोज सुमारे 250 मिलिग्रॅम तयार होत असतं. त्याचं मुख्य काम गर्भाशयाच्या स्नायूला शांत ठेवण्याचं, म्हणजे वेळेआधी कळा येऊ नयेत. पण रक्तातून फिरणारं संप्रेरक गर्भाशयापुरतं थांबत नाही. त्याच जातीचा स्नायू आतड्यात आहे, म्हणून बद्धकोष्ठ होतो. मूत्रनलिकांत आहे, म्हणून त्या रुंदावतात. आणि अन्ननलिकेच्या तळाच्या कड्यातही तोच आहे. या कड्याची पकड महिन्यागणिक कमी होत जाते, छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत कमी असते आणि बाळंतपणानंतर पूर्ववत होते.

दुसरं कारण डोळ्यांना दिसतं. एरवी 60-70 ग्रॅमचं गर्भाशय दिवस भरताना बाळ-पाणी सोडून एकट्याचंच किलोभर होतं. विसाव्या आठवड्यात त्याचा माथा बेंबीशी असतो, छत्तिसाव्यात छातीच्या हाडाच्या टोकाशी पोहोचतो. जठर वर ढकललं जातं आणि त्याला फुगायला जागा उरत नाही. पाण्याने भरलेल्या पिशवीचं तोंड सैल बांधावं आणि मग ती खालून दाबावी, तसं काहीसं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नुसत्या दाबाने जळजळ होत असती, तर आपण खोकलो, वाकलो, जड हंडा उचलला की प्रत्येक वेळी आम्ल वर आलं असतं. तसं होत नाही, कारण पोटातला दाब वाढला की निरोगी कडं त्याच प्रमाणात जास्त आवळतं. पोटात पाणी साठून दाब वाढलेल्या रुग्णांतही कड्याची पकड वाढलेली आढळली आहे. गरोदरपणात नेमकं हे प्रत्युत्तर क्षीण होतं. सुरुवातीच्या महिन्यांत कड्याची शांत अवस्थेतली पकड बरी असली, तरी दाब आल्यावर जितकं आवळायला हवं तितकं ते आवळत नाही. तेव्हा गर्भाशय लहान असल्याने अनेकींचं निभावून जातं. आठव्या महिन्यात पकडही उतरलेली असते आणि दाबही भरात असतो.

एक रात्र घेऊ. चौतिसावा आठवडा आहे. साडेनऊला भाकरी, वांग्याची भाजी, वरणभात असं पोटभर जेवण, वर तांब्याभर पाणी, आणि दहाला ती उजव्या कुशीवर आडवी होते. घन जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास लागतात, म्हणजे दहाला जवळजवळ सगळं तिथेच आहे. बसलेली असताना गुरुत्वाकर्षण मदत करत होतं, ते आता नाही. झोपेत लाळ कमी सुटते आणि गिळणंही कमी होतं, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुऊन निघत नाही. शिवाय उजव्या कुशीवर जठरातला ऐवज अन्ननलिकेच्या तोंडाशी येतो. डाव्या कुशीवर ते तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहतं.

तेच जेवण साडेसातला, निम्मं करून, पाणी मधल्या वेळेत पिऊन आणि डाव्या कुशीवर झोपून बऱ्याच जणींची रात्र सुधारते. डोक्याखाली दोन उशा रचल्या तर मान वाकते, पोट दुमडतं आणि दाब वाढतो. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू पंधरा-वीस सेंटीमीटर उंच करावी. ज्या पदार्थाने त्रास होतो असं स्वतःच्या लक्षात आलंय तेवढाच टाळावा. आठव्या महिन्यात सगळंच वर्ज्य करून बाईला अर्धपोटी ठेवणं मला चुकीचं वाटतं.

एवढ्याने भागलं नाही तर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचं आम्लनाशक डॉक्टर सहसा आधी देतात, आणि गरज पडली तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या. खायचा सोडा किंवा सोड्याची फसफसणारी पूड मात्र वारंवार घेऊ नये. त्यातल्या सोडियममुळे अंगात पाणी धरतं. आम्लनाशक आणि लोहाची लाल गोळी यांत दोन तासांचं अंतर हवं. एकत्र घेतल्यास लोह नीट शोषलं जात नाही आणि रोज गोळी घेऊनही हिमोग्लोबिन वाढत का नाही, हे कोडं पडतं.

जळजळ जास्त असेल तर बाळाला जावळ दाट, असं बायका म्हणतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये 64 गरोदर स्त्रियांवर याची तपासणी झाली आणि 2006 मध्ये ती प्रसिद्ध झाली. जास्त जळजळ असलेल्यांच्या बाळांना केस खरोखर जास्त होते. केस टोचतात म्हणून नव्हे. दोन्हींमागे तीच संप्रेरकं असावीत, असा संशोधकांचा कयास आहे.

शेवटच्या आठवड्यांत बाळाचं डोकं ओटीपोटात उतरलं की काहींना थोडा आराम पडतो, आणि वार पडल्यावर बहुतेकींची जळजळ लवकरच थांबते.

मात्र विसाव्या आठवड्यानंतरचं पोटाच्या वरच्या भागातलं प्रत्येक दुखणं ॲसिडिटीचं नसतं. छातीच्या हाडाखाली किंवा उजव्या बरगडीखाली सतत दुखतंय, आम्लनाशकाने आणि उठून बसल्याने फरक पडत नाही, सोबत डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, चेहरा-हात अचानक सुजलेत किंवा नव्याने उलट्या सुरू झाल्यात, तर रक्तदाब वाढून यकृताला इजा होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा. तो 140/90 किंवा त्याहून जास्त निघाला, तर लघवीतली प्रथिनं, रक्तातल्या प्लेटलेट आणि यकृताची तपासणी लगेच करतात. रक्तदाब ठीक निघाला तरी दुखणं थांबत नसेल, तर या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं, कारण काही जणींत आधी रक्तातले बदल दिसतात आणि रक्तदाब मागाहून चढतो.