बंद खोलीत कीटकनाशक जास्त फवारलं गेलं, तर आधी काय करायचं?

फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यातल्या बिबवेवाडीत पेस्ट कंट्रोलनंतर बंद असलेल्या फ्लॅटमध्ये परतलेल्या पती-पत्नीचा मृत्यू झाला होता. बारामती-इंदापूर भागात धोका थोडा वेगळाही असतो. उसाच्या हुमणीसाठी आणलेलं क्लोरपायरिफॉस घरात पडलेलं असतं आणि ढेकूण झाले की तेच पंपात भरलं जातं.

समजा, दहा बाय बारा फुटांच्या खोलीत कुणी ते फवारलं आणि दार लावून तिथेच झोपलं. काही तासांत डोकं दुखतं, मळमळतं, दरदरून घाम येतो. याला पित्त किंवा ऊन लागणं समजण्याची चूक इथेच होते. तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांतून पाणी येणं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, उलटी-जुलाब, छातीत घरघर, स्नायू फडफडणं ही लक्षणं एकत्र दिसली, तर ती याच गटातल्या विषाची असतात. घरगुती स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड असतं. त्याने चेहऱ्याला मुंग्या येतात, खोकला येतो, चक्कर येते आणि त्रास सहसा दिवसभरात ओसरतो. दम्याच्या रुग्णाला मात्र तोही जड जाऊ शकतो.

पहिलं काम म्हणजे रुग्णाला मोकळ्या हवेत आणणं. दार-खिडक्या सताड उघडा, पण वास कोंडलेल्या खोलीत रेंगाळू नका. औषध लागलेले कपडे काढा आणि अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं साधं पाणी सोडा. दूध, तूप, मिठाचं पाणी देऊ नका आणि उलटी काढू नका, कारण ती फुप्फुसात जाऊ शकते. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. दम लागला, झटका आला किंवा गुंगी आली, तर लगेच १०८ ला फोन करा. बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली किंवा इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथे न्या.

सोबत बाटली न्या, निदान लेबलचा फोटो तरी. कंपनीच्या नावापेक्षा बारीक अक्षरातलं घटकाचं नाव महत्त्वाचं, कारण उपचार त्यावर ठरतो. क्लोरपायरिफॉसच्या गटावर अॅट्रोपिन देतात, पायरेथ्रॉइडला असा उतारा नाही. धान्यातल्या गोळ्या खोलीत ठेवल्या असतील तर तेही लपवू नका. त्यांचा वायू जीवघेणा असतो आणि त्यावरही उतारा नाही.

डॉक्टरांना सांगायचं ते असं: “रात्री नऊला फवारलं, साधारण अर्धा लिटर, दार बंद होतं. आत सहा तास होते, तीनला उलटी सुरू झाली. घरात आणखी दोघं होते.” दमा, गर्भारपण, चालू गोळ्या यांचाही उल्लेख करा. शंका असेल तर एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक आहे.

थोडं बरं वाटलं म्हणून लगेच घरी जायचा हट्ट नको. क्लोरपायरिफॉसच्या गटात एक ते चार दिवसांनीही मान आणि श्वासाचे स्नायू कमजोर पडू शकतात.