'चंद्र' तिसऱ्यांदा आला तर?

नव्या नात्याचा माग काढायला टॅरो वाचणारे काही जण रोज दोन पत्ते काढतात. पहिला स्वतःसाठी, दुसरा समोरच्यासाठी. वहीत तारीख, पत्त्याची जागा आणि त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडलं, एवढंच लिहायचं.

महिनाभरात 'चंद्र' तीनदा आला की पोटात गोळा येतो. हा पत्ता संभ्रमाचा. पण ७८ पत्ते रोज नीट पिसून दोन काढले, तरी २८ दिवसांत साधारण दोन-तीन पत्ते निव्वळ योगायोगानेच तीनदा किंवा जास्त वेळा येतात.

म्हणून आधी जागा पाहावी. 'चंद्र' तिन्ही वेळा स्वतःच्याच जागी आणि नोंदी फोनची वाट पाहण्याच्या असतील, तर त्यात जोडीदाराच्या लपवाछपवीचा पुरावा नाही. दिसते ती स्वतःची धास्ती. नकोसा पत्ता परत टाकून दुसरा काढला, तर वहीच निकामी.